तेरीज जुळली, पण बेचाळीस हजार कुठे गेले?

तालुक्याच्या गावातले एक हार्डवेअर आणि रंगांचे दुकान घेऊ. दुकान नमुन्यादाखल रचलेले आहे, पण त्यातली प्रत्येक चूक हिशेब तपासणाऱ्यांच्या नेहमीच्या पाहण्यातली आहे. वर्षाची विक्री साधारण साडेतेवीस लाखांची. माल राज्यातच विकला जातो आणि उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, त्यामुळे जीएसटीची नोंदणी नाही. घाऊक व्यापाऱ्याने बिलात लावलेला कर खरेदीच्या किमतीतच धरला जातो. दुकानात मालक आणि एक मदतनीस मुलगा. हिशेब अजून वह्यांवर चालतो आणि तो लिहायला एक दिवाणजी आठवड्यातून दोन संध्याकाळी येतात.

३१ मार्चला वर्ष संपले. दिवाणजींनी खातेवहीतले एकेक खाते बेरीज मारून बंद केले, प्रत्येकाची शिल्लक एका कागदावर उतरवली आणि नावे व जमा अशा दोन रकान्यांची बेरीज केली. हीच तेरीज. ती अशी उतरली :

| खाते | नावे (रु.) | जमा (रु.) |
|---|---|---|
| वर्षारंभीचा माल | ३,२०,००० | |
| खरेदी | १८,६०,००० | |
| दुकानभाडे | १,४४,००० | |
| पगार | १,३२,००० | |
| दुरुस्ती व किरकोळ | ६४,००० | |
| वीज | २६,००० | |
| फर्निचर | ९०,००० | |
| ग्राहकांकडून येणे | २,१५,००० | |
| बँक | १,३८,००० | |
| रोख | २१,००० | |
| मालकाची उचल | १,८०,००० | |
| विक्री | | २३,४०,००० |
| व्यापाऱ्यांना देणे | | ३,१०,००० |
| भांडवल | | ५,४०,००० |
| एकूण | ३१,९०,००० | ३१,९०,००० |

एका रुपयाचाही फरक नाही. दुकानात मोजलेला शिल्लक माल ३,६०,००० रुपयांचा निघाला. तो धरून ढोबळ नफा ५,२०,००० आणि खर्च वजा जाता निव्वळ नफा १,५४,००० आला. (घसारा अजून लावायचा आहे, तो इथे बाजूला ठेवू.) मालक खूश, दिवाणजी मोकळे.

या कागदात सहा चुका आहेत.

त्या दिसत का नाहीत, हे कळण्यासाठी तेरीज नेमके काय तपासते ते आधी पाहायला हवे. इटलीतल्या लुका पाचोली या गणितज्ञ धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात तिथल्या व्यापाऱ्यांची हिशेबाची पद्धत सविस्तर मांडली. तिचा गाभा आजही तोच आहे : प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एका खात्याला नावे आणि दुसऱ्या खात्याला तितकीच रक्कम जमा. दहा हजारांचा माल उधारीने आला तर खरेदी खात्याला दहा हजार नावे आणि व्यापाऱ्याच्या खात्याला दहा हजार जमा. वर्षभर हे नेमाने केले तर सगळ्या नावे रकमांची बेरीज सगळ्या जमा रकमांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. तशी ती आली का, एवढेच तेरीज विचारते. व्यवहार खरेच झाला का, झालेला प्रत्येक व्यवहार वहीत आला का, रक्कम बिलावरचीच आहे का, खाते योग्य निवडले का, यांतला एकही प्रश्न ती विचारत नाही.

त्यामुळे तिच्या हाती लागते ती एकतर्फी चूक. नावे लिहिले पण जमा करायचे राहिले, एका बाजूला ५,४०० आणि दुसरीकडे ४,५०० पडले, जमेची रक्कम नावे रकान्यात गेली, अशी. अशा चुका हुडकायला दिवाणजींकडे जुन्या युक्त्याही असतात. फरकाला दोनाने भागून येणारी रक्कम वह्यांत शोधायची, कारण चुकीच्या बाजूला पडलेली रक्कम दुप्पट फरक दाखवते. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला तर शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले असण्याचा संशय घ्यायचा. ५,४०० आणि ४,५०० मधला ९०० चा फरक तसाच. पण या युक्त्या सुरू होतात त्या फरक दिसल्यावर. आपल्या दुकानात फरकच नाही.

न आलेले बिल

सहांपैकी सर्वांत मोठी चूक मार्चच्या अखेरची आहे. २८ मार्चला जिल्ह्याच्या ठिकाणच्या घाऊक व्यापाऱ्याकडून टेम्पो आला. रंगाच्या बादल्या आणि प्रायमरचे डबे, एकूण ४२,००० रुपयांचा उधारीचा माल. मदतनीस मुलाने माल उतरवून घेतला, चलनावर सही केली आणि चलन काउंटरच्या खणात टाकले. मूळ बिल मागाहून येणार होते. ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आले आणि नव्या वर्षाच्या फायलीत लागले.

जुन्या वर्षाच्या वहीत या व्यवहाराची एकही बाजू आली नाही. खरेदीला ४२,००० नावे नाहीत, व्यापाऱ्याला ४२,००० जमा नाहीत. दोन्ही रकाने सारख्याच रकमेने उणे राहिले आणि तेरीज जुळली. पण ३१ मार्चला मालाची मोजदाद झाली तेव्हा त्या बादल्या मांडणीवर होत्या आणि त्या मोजल्या गेल्या. म्हणजे माल शिलकेत आला, त्याची किंमत मात्र खरेदीत आली नाही. नफा सरळ ४२,००० ने फुगला आणि देणे तितकेच कमी दिसले.

इथे एक बारीक गोष्ट आहे. त्या बादल्या मोजायच्याही राहून गेल्या असत्या, तर नफा बरोबर आला असता; फक्त माल आणि देणे दोन्ही ४२,००० ने कमी दिसले असते. तेरीज दोन्ही वेळा सारखीच जुळली असती. वर्षअखेरीच्या आठवड्यातले चलन, बिल आणि मोजदाद हे तीन कागद शेजारी ठेवल्याशिवाय यांतले काय घडले ते उमगत नाही.

चुकीच्या खात्यात, पण योग्य बाजूला

ऑगस्टमध्ये मालकाने लोहाराकडून लोखंडी मांडण्या करून घेतल्या. खर्च ३६,०००. दिवाणजींनी बँक खात्याला जमा केले आणि दुरुस्ती खात्याला नावे. बाजू बरोबर, रक्कम बरोबर, खाते चुकीचे. मांडण्या पुढे अनेक वर्षे टिकणार. त्या फर्निचर खात्यात जायला हव्या होत्या आणि त्यांचा खर्च घसाऱ्याच्या रूपाने दरवर्षी थोडाथोडा पडायला हवा होता. आयकराच्या नियमांत फर्निचरवर वर्षाला १० टक्के घसारा मिळतो. इथे पूर्ण ३६,००० एकाच वर्षाच्या खर्चात गेले. नफा तेवढा कमी दिसला आणि ताळेबंदात मांडण्यांचा मागमूसही नाही. दुरुस्ती आणि फर्निचर दोन्ही नावे बाजूचीच खाती असल्याने रक्कम एकातून दुसऱ्यात गेली तरी रकान्याच्या बेरजेला त्याचे काही नाही.

याच जातीची दुसरी चूक लहान दुकानांत फार होते : घराचे वीजबिल किंवा मुलीची कॉलेजची फी दुकानाच्या खात्यातून भरायची आणि दुकानाच्या खर्चात लिहायची. ती मालकाची उचल आहे, दुकानाचा खर्च नव्हे. तेरजेला दोन्ही सारखेच, कारण उचलही नावेच पडते.

पाटील नावाचे दोन ग्राहक असले की जे व्हायचे तेही इथे झाले आहे. एक पाटील बांधकाम ठेकेदार, दुसरे शेतकरी. ठेकेदारांनी १५,००० रुपये भरले आणि ते शेतकऱ्यांच्या खात्यावर जमा झाले. ग्राहकांकडून येणे असलेली एकूण रक्कम तीच राहिली, नफ्यातही फरक नाही. नुकसान वेगळेच आहे. ठेकेदारांना भरलेल्या पैशांसाठी पुन्हा फोन जाईल आणि शेतकऱ्यांकडे खरे असलेले येणे वहीतून पुसले गेल्याने ते मागितलेच जाणार नाही.

दोनदा लिहिलेले सहा हजार

क्यूआर कोडने पैसे येऊ लागल्यापासून एक चूक वरचेवर दिसते. नोव्हेंबरमध्ये एकाने पाण्याची मोटर घेतली आणि ६,००० रुपये फोनवरून भरले. मालकाने त्याच रात्री कीर्दीत लिहिले : बँक नावे, विक्री जमा. महिन्याअखेरीस दिवाणजी बँकेच्या उताऱ्यावरून राहिलेल्या नोंदी भरायला बसले. उताऱ्यात ६,००० ची जमा, पुढे लांबलचक आकडा आणि अर्धवट नाव. ही नोंद राहिली असावी असे समजून त्यांनी ती पुन्हा लिहिली : बँक नावे, विक्री जमा. दोन्ही नोंदी आपापल्या जागी चोख आहेत. एकच मोटर मात्र दोनदा विकली गेली, विक्री ६,००० ने वाढली आणि बँकेत नसलेले ६,००० वहीत आले.

उरलेल्या दोन लहान आहेत. ८,७५० चे उधारीचे बिल कीर्दीत उतरवताना ७,८५० झाले. मूळ नोंदच चुकली, म्हणून तिथून खतावलेल्या दोन्ही बाजू ९०० ने कमी पडल्या. विक्रीही कमी, ग्राहकाचे येणेही कमी. हाच उलटफेर खतावताना एकाच बाजूला झाला असता तर नवाच्या युक्तीने तासाभरात सापडला असता.

सहावी चूक योगायोगाची. २,१५० चे वीजबिल खातेवहीत ३,१५० पडले. ही एकतर्फी चूक आहे आणि तेरीज एक हजाराने फुटायला हवी होती. पण ग्राहकांच्या यादीची बेरीज करताना एका पानावर हातचा धरायचा राहिला आणि येणे नेमके एक हजाराने कमी उतरले. नावे रकान्यात एकीकडे हजार जास्त, दुसरीकडे हजार कमी. दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या.

हा शेवटचा प्रकार आणखी एका सवयीशी जोडलेला आहे. तेरीज ९०० रुपयांनी फुटली तर अनेक ठिकाणी तो फरक अनामत खात्यात टाकून कागद जुळवला जातो. रक्कम किरकोळ वाटते. पण ९०० हा ५०,९०० आणि ५०,००० अशा दोन उलट चुकांमधला फरकही असू शकतो. फरक लहान म्हणून चूक लहान असेलच असे नाही. अनामत खाते तात्पुरते असते. त्यातली रक्कम मूळ चूक सापडल्यावरच निघायला हवी.

तेरजेत नसलेला आकडा

नफ्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारा एक आकडा बहुतेक दुकानांच्या तेरजेत येतच नाही. तो म्हणजे वर्षअखेरीचा शिल्लक माल. वर्षारंभीचा माल नावे बाजूला असतो, पण अखेरचा माल मोजदादीनंतर स्वतंत्रपणे घेतला जातो. वरच्या तक्त्यात ३,६०,००० कुठेही नाहीत.

समजा, मोजदादीत रंगाच्या वीस बादल्या २,००० या खरेदीच्या भावाऐवजी २,६०० या विक्रीच्या भावाने धरल्या. माल १२,००० ने जास्त दिसला, नफाही १२,००० ने जास्त. तेरीज तशीच राहिली, कारण तो आकडा तिच्यात नव्हताच. हिशेबाचा नियम असा की माल खरेदीची किंमत आणि विकून हाती पडू शकणारी रक्कम यांतल्या कमी असलेल्या आकड्याने धरायचा. सुकून गठ्ठा झालेला जुना डबा म्हणूनच खरेदीच्या भावानेही धरता येत नाही.

या चुकीला पुढच्या वर्षी शेपूट येते. या वर्षीचा अखेरचा माल पुढच्या वर्षी सुरुवातीचा माल होतो, म्हणून पुढच्या वर्षीचा नफा तेवढाच, १२,००० ने, कमी दिसतो. दोन वर्षांची बेरीज बरोबर येते आणि दोन्ही वर्षे वेगवेगळी चुकीची राहतात.

हिशेब संगणकावर नेला की यांतले काय सुटते? टॅलीसारख्या प्रणालीत नावे आणि जमा सारखे झाल्याशिवाय नोंद साठवताच येत नाही आणि खतावणी व बेरजा यंत्रच करते. त्यामुळे वीजबिल आणि हातच्याची सहावी चूक तिथे होत नाही. तेरीज फुटण्याचे ओळखीचे कारण उरते ते सुरुवातीच्या शिलका भरताना राहिलेली तफावत. ती पडद्यावर `Difference in opening balances` अशी वेगळी दिसते. पण न भरलेले बिल, दुरुस्तीत गेलेल्या मांडण्या, दोन पाटील, दोनदा लिहिलेली मोटर आणि ७,८५० या पाचही चुका संगणक बिनतक्रार घेतो. जुळलेली तेरीज तिथे जवळपास गृहीतच असते. म्हणून वहीवरच्या जुळलेल्या तेरजेने खतावणी आणि बेरजेबद्दल जो थोडा दिलासा मिळायचा, त्यापलीकडे इथेही काही मिळत नाही.

हे फक्त लहान दुकानांपुरते नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केले की वह्यांत दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. तिथे चूक नव्हती, लबाडी होती. पण खोट्या शिलकेलाही दुसऱ्या बाजूला तितकाच खोटा आकडा लावला की रकाने जुळतात. ती रक्कम खरी की खोटी, हे वहीबाहेर, म्हणजे बँकेतच कळणार होते.

वहीबाहेरचे कागद

आपल्या दुकानातल्या चुकाही तशाच, वहीबाहेरच्या कागदांशी गाठ घालूनच सापडल्या. तपासणाऱ्याने सुरुवात बँकेपासून केली. वहीत बँक शिल्लक १,३८,०००, पासबुकात १,५०,०००. बारा हजारांचा फरक. दिवाणजींकडे उत्तर तयार होते : मार्चअखेर दिलेला एक चेक अजून वटलेला नाही. हे खरेही होते. असा फरक चूक नसतो. चेक वटला की तो आपोआप मिटतो. पण तो चेक १८,००० चा होता. म्हणजे पासबुक वहीपेक्षा १८,००० ने जास्त असायला हवे होते, ते १२,००० नेच जास्त होते. वहीत कुठेतरी ६,००० फाजील आहेत, हे तिथे उघड झाले. मग उताऱ्यातली प्रत्येक जमा वहीतल्या नोंदीशी टिचकी मारत जुळवली. नोव्हेंबरच्या मोटरीच्या दोन नोंदींपुढे उताऱ्यात एकच ओळ निघाली.

बँकेचा मेळ घालताना नेमके इथेच घसरायला होते. फरकाचे एक पटणारे कारण मिळाले की माणूस थांबतो. कारण पटणे पुरेसे नाही. कारणांची बेरीज फरकाइतकी यायला हवी.

दुसरा कागद घाऊक व्यापाऱ्यांकडून मागवलेला खातेउतारा. रंगवाल्या व्यापाऱ्याचे देणे दुकानाच्या वहीत ८६,००० होते, त्याच्या उताऱ्यात १,२८,०००. फरक ४२,०००, आणि उताऱ्याच्या शेवटच्या ओळींत २८ मार्चचे बिल. मग खणातले चलन आठवले. हा उतारा मागवायला एक फोन पुरतो, तरी तो सहसा भांडण झाल्यावरच मागवला जातो.

ग्राहकांच्या बाबतीत उलटे करायचे : दुकानाने प्रत्येक मोठ्या उधारदाराला त्याची बाकी कळवायची आणि होकार घ्यायचा. ठेकेदार पाटलांनी लगेच पावती दाखवली. ७,८५० वाला ग्राहक मात्र स्वतःहून काही बोलला नाही. त्याच्या फायद्याची चूक होती. ती सापडली बिलबुकाच्या कार्बन प्रती क्रमाने घेऊन कीर्दीशी ताडून पाहिल्यावर. जुळवणी करताना समोरचा माणूस कोणत्या चुकीबद्दल गप्प राहील, याचा विचार करावाच लागतो. तसाच ग्राहकांच्या यादीची पुन्हा बेरीज करताना हजाराचा हातचा सापडला आणि मग तेरीज एक हजाराने फुटली. फुटली म्हणूनच वीजबिलाची चूक शोधली गेली.

मांडण्यांसाठी बाहेरचा कागद लागला नाही. दुरुस्तीचे आकडे महिन्यावार लिहून पाहिले : दरमहा दोन-अडीच हजार, ऑगस्टमध्ये एकदम ३८ हजारांवर. त्या महिन्याची पावती काढली आणि प्रश्न मिटला.

सगळ्या दुरुस्त्या केल्यावर खरेदी १९,०२,०००, विक्री २३,३४,९००, दुरुस्ती २८,०००, वीज २५,०००, फर्निचर १,२६,०००, ग्राहकांकडून येणे २,१६,९००, बँक १,३२,००० आणि व्यापाऱ्यांचे देणे ३,५२,००० झाले. नव्या तेरजेची बेरीज दोन्ही बाजूंना ३२,२६,९००. तीही जुळली.

निव्वळ नफा १,५४,००० वरून १,४३,९०० वर आला. फरक फक्त १०,१०० चा, आणि मालकाला वाटले की एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला. पण हा आकडा फसवा आहे, कारण नफा वाढवणाऱ्या आणि घटवणाऱ्या चुकांनी एकमेकींना बरेचसे खाल्ले. खरा बदल ढोबळ नफ्यात आहे. आधी तो विक्रीच्या २२.२ टक्के दिसत होता. मालक आपले भाव लावतो त्या हिशेबाने साधारण २२ टक्के सुटायलाच हवेत, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. दुरुस्तीनंतर ढोबळ नफा ४,७२,९०० म्हणजे विक्रीच्या २०.३ टक्के निघाला. २२ टक्क्यांनी तो ५,१३,००० च्या पुढे हवा होता. जवळपास ४१,००० रुपये कमी. वहीत न आलेल्या ४२,००० च्या बिलाने वर्षभर ही तूट झाकून ठेवली होती.

ही तूट कशाची, ते आता वह्या सांगू शकत नाहीत. काउंटरवर दिलेली सूट बिलात न लिहिता सोडली असेल, डबे गळले असतील, मोजदाद कमी झाली असेल, किंवा रोखीची विक्री बिलाविना झाली आणि पैसे गल्ल्यात आलेच नसतील. यांतल्या शेवटच्या प्रकाराची तर कुठेच नोंद नसते. विक्री नाही, रोख नाही. वहीच्या लेखी तो व्यवहार झालेलाच नाही. त्याचा माग फक्त मालातून लागतो आणि त्यासाठी रुपये सोडून नग मोजावे लागतात.

म्हणून तपासणाऱ्याने एक वाण निवडले : पांढऱ्या रंगाची वीस लिटरची बादली. वर्षाच्या सुरुवातीला १४ होत्या. चलने आणि बिलांनुसार वर्षात ९६ आल्या, २८ मार्चच्या टेम्पोतल्या धरून. बिलबुकांतून विकल्या गेल्या ८८. म्हणजे ३१ मार्चला २२ असायला हव्या होत्या. मोजदादीच्या कागदावर १९ आहेत. तीन बादल्यांचा हिशेब लागत नाही. खरेदीच्या भावाने त्या सहा-सात हजारांच्या होतात. ४१,००० पैकी उरलेल्या रकमेसाठी आता बाकीच्या वाणांची अशीच एकेक मोजणी करायची आहे, आणि ती महागड्या, पटकन हातोहात जाणाऱ्या मालापासून सुरू होईल.